अण्णांची जावक वही

नमस्कार श्रोतेहो.

माझे काका, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. सातबारा संगणकावर चढला तेव्हा त्यांच्या गटाचं क्षेत्र चुकलं. हस्तलिखित उताऱ्यावर १ हेक्टर २० आर, नव्या उताऱ्यावर १ हेक्टर ०२ आर. आकडे उलटे पडले आणि अठरा आर जमीन कागदावरून गेली. अण्णांनी तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली, म्हणजे लेखनातली चूक दुरुस्त करण्यासाठी, अर्ज दिला. तीन महिन्यांनी चौकशीला गेले, तर टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, "असा अर्ज आलेलाच नाही."

अण्णांनी पिशवीतून शंभरपानी वही काढली. तारीख, कोणाला, विषय, आवक क्रमांक, उत्तराची तारीख, पुढे काय झालं, असे सहा रकाने. बोट ठेवून त्यांनी आवक क्रमांक वाचला. भाऊसाहेबांना कचेरीचं आवक रजिस्टर उघडावंच लागलं. नोंद सापडली. तिच्यासमोर लिहिलं होतं, 'तलाठी, अहवालासाठी'. अर्ज गहाळ झाला नव्हता, तलाठ्याकडे अडकला होता. अण्णांनी तिथंच उभ्यानं शेवटच्या रकान्यात ते उतरवून घेतलं. पुढचं स्मरणपत्र तहसीलदारांना, प्रत तलाठ्याला, आणि त्यात पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक नि तारीख.

म्हणून सांगते, आवक क्रमांक घ्या. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख, आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडा. शाळेत आपण पत्राचा मायना घोकून घोकून पाठ करतो, पण पोच कशी घ्यायची हे कुणी शिकवत नाही. मला विचाराल तर नववीच्या पुस्तकात हा धडा हवाच. स्पीड पोस्टाची पावती मात्र लगेच झेरॉक्स करा, तिची शाई उडते.

स्मरणपत्रालाही उत्तर आलं नाही, तेव्हा अण्णांनी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज दिला: माझा अर्ज आज कोणाकडे आहे? अर्ज कचेरीत पोचला ३ जूनला. उत्तराला तीस दिवस, म्हणजे ३ जुलै. उत्तर नाही आलं तर पहिल्या अपिलाला पुढचे तीस दिवस, म्हणजे २ ऑगस्ट. दोन्ही तारखा त्यांनी त्याच दिवशी वहीत लिहिल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल केले. दिवस मोजायचे ते अर्ज पोचल्यापासून, टपालात टाकल्यापासून नाही. इथं माणसं चुकतात. अपिलाची मुदत टळली की उशिराचं सबळ कारण दाखवत बसावं लागतं.

अपिलाची वेळ आलीच नाही. २९ जूनला उत्तर आलं, सोबत तलाठ्याच्या अहवालाची प्रत. दुरुस्तीचा आदेश निघायला दिवाळी उजाडली. वहीत ती एकविसावी नोंद होती. तिच्याखाली अण्णांनी नवा सातबारा खळीनं चिकटवलाय, १ हेक्टर २० आर.