हमिंगबर्डची रात्र

मंडळी, खानापूर-जांबोटीकडून दर उन्हाळ्यात मला फोटो येतात, 'सर, आमच्या परसात हमिंगबर्ड!' आज हे एकदा स्पष्ट बोलतोच. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहे. आपल्याकडचा तो शिंजीर. जास्वंदीवर नीट बघा: तो देठाला पाय रोवतो, फुलाच्या बुडाला बाजूनं चोच खुपसतो आणि आतला मध काढतो. क्षणभर हवेत थांबेलही, पण लगेच बसायला जागा शोधतो. बेळगावचे शिकलेले लोकसुद्धा ऐकत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. शिंजीर काय कमी देखणा आहे का? मागच्या रांगेतल्या माई हसताहेत, म्हणजे त्यांनीही असा फोटो पाठवलेला दिसतोय!

फरक खांद्यात आहे. विहिरीत उभं पोहताना आपण हात आडवे पुढं-मागं फिरवतो ना, तसे हमिंगबर्डचे पंख फिरतात. मागं जाताना पंख उलटा होतो, त्यामुळं त्या फेरीतही उचल मिळते. वजनाचा साधारण पाऊण भार पुढची फेरी पेलते, उरलेला पाव मागची. लहान जातींत असे पन्नासेक फटके सेकंदाला पडतात. त्याला लागणारी साखर म्हणजे तासाभरापूर्वी प्यायलेला मध. साठा फार नसतोच.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, आणि मुख्य विषय तर राहिलाच! थोडक्यात सांगतो.

रात्री मध नाही, आणि एवढ्याशा अंगातून ऊब झपाट्यानं निघून जाते. दिवसासारखं चाळीस अंशांवर राहायचं ठरवलं, तर चरबी पहाटेपर्यंत पुरेलच असं नाही. म्हणून तो शरीराची आच मंद करतो. पेरूच्या अँडीजमध्ये 3,800 मीटर उंचीवर संशोधकांनी पक्षी रात्रभर ठेवून त्यांचं तापमान मोजलं. 2020 साली ते छापून आलं. ब्लॅक मेटलटेल जातीच्या एका पक्ष्याचं अंग 3.3 अंशांपर्यंत उतरलं होतं! पिसं फुगलेली, चोच वर, हात लावला तरी हालचाल नाही. बघणाऱ्याला मेलाच वाटावा. पण ही बेशुद्धी नव्हे. थंडी फारच वाढली, तर शरीर थोडी ऊब तयार करून तापमान आणखी घसरू देत नाही.

पहाटे उडायच्या आधी स्नायू थरथरवून अंग तापवावं लागतं. मिनिटाला अंशभर धरलं, तरी इतक्या खालून वर यायला अर्धा तास सहज जातो, आणि त्यात चरबीही जळते. त्यामुळं ही सुस्ती थोडा वेळ घेऊन परवडत नाही. जे पक्षी जास्त तास सुस्त राहिले, त्यांचं वजन कमी घटलं. शिवाय या अवस्थेत शत्रू आला तर उडता येत नाही. अंड्यांवर बसलेली मादी तर सहसा ही सुस्ती टाळते, कारण तिचं अंग गार पडलं की अंडीही गार पडतात.