आधी टाटा, मग राम राम

श्रोतेहो, राम राम.

पावणा ओसरीवर चपला काढतो, खाटेवर टेकतो, आणि घरातलं दीड वर्षाचं लेकरू आईच्या पदराआड जातं. मग चहूकडून सुरू होतं. "राम राम कर ना बेटा." "हात जोड, हात जोड." "आबाजीच्या पाया लाग." पावणाही तोंडाजवळ वाकून विचारतो, "काऊन रे, ओयखत नाही काय मले?" हे सगळं दहा सेकंदांत होतं. तेवढ्यात चार माणसांनी लेकराला तीन निरनिराळी कामं सांगितलेली असतात. ते रडायला लागतं, कोणीतरी म्हणतं, "लय लाजते बाप्पा हे," आणि विषय तिथंच संपतो. आज बोलायचं आहे ते या दहा सेकंदांबद्दल.

लेकराच्या बाजूनं पाहा. आधी त्याला चेहरा ओळखायचा असतो. हा माणूस आपला आहे की परका, हे ते आईच्या तोंडाकडे पाहून ठरवतं. मग काय करायचं ते आठवायचं असतं. आणि हात जोडायचे तर दोन्ही हात मोकळे हवेत! त्याच्या एका हातात बिस्किट असतं, दुसऱ्या मुठीत आईचा पदर. पदर सोडणं म्हणजे आधार सोडणं, तोही नेमका नवा माणूस समोर आल्यावर. एवढं सगळं उरकायला लहान लेकराला पाच ते दहा सेकंद सहज लागतात. मोठी माणसं एका-दोन सेकंदांत पुन्हा सांगतात, आणि दुसऱ्यांदा सांगितलं की पहिल्यावर चाललेला त्याचा विचार तुटतो. म्हणून एकदा राम राम म्हणून झालं की मनात सावकाश दहापर्यंत मोजा. मोजताना त्याच्याकडे रोखून पाहू नका, पावण्याशी बोलत राहा.

त्या दहा आकड्यांत बरंच दिसतं. लेकरू पदराआडून एक डोळा काढतं. बोटं उघडझाप करतं. कधी हात हलवतं, पण तळवा स्वतःकडे ठेवून, कारण आपण टाटा करतो तेव्हा त्याला आपला तळवा दिसतो आणि ते तसाच दिसणारा तळवा करून दाखवतं. हे सगळं उत्तरच आहे. आईनं शांतपणे म्हणावं, "पाह्यलं तुनं आबाजीले." बस, तेवढंच. टाळ्या, पापे, "पुन्हा कर, पुन्हा कर" यातलं काही नको. पुन्हा करायला लावलं की तो रामराम राहत नाही, परीक्षा होते.

वयाचा अंदाजही हवा. साधारण आठव्या-नवव्या महिन्यापासून लेकरू परक्या माणसाला बिचकायला लागतं. घरचं आणि बाहेरचं त्याला वेगळं कळायला लागलं, असा त्याचा अर्थ. त्याच सुमारास, नऊ ते बारा महिन्यांत, टाळ्या आणि टाटा येतात. वर्षाच्या आसपास पहिले शब्द येतात, आणि "आबा, लाम लाम" असे दोन शब्द जोडायला दोन वर्षं उजाडतात. म्हणजे ज्या काळात हात हलवता येतो, नेमक्या त्याच काळात परक्याची भीतीही असते. 1980 साली ग्रीफ आणि ग्लीसन या अमेरिकन संशोधकांनी दोन ते पाच वर्षांच्या मुलांना पाहिलं. एक ओळख नसलेली व्यक्ती खोलीत येई, नमस्कार करी, खेळणं देई आणि निरोप घेई. आईबापांनी न सांगता उत्तर देणारी मुलं थोडीच निघाली. तर मग दीड वर्षाच्या लेकराकडून पहिल्याच मिनिटाला अपेक्षा धरणं जास्तच आहे.

आता शिकवायचं कसं? आमचा सल्ला असा, की सुरुवात रामरामानं करूच नका, टाटानं करा. पावणा येतो तेव्हा लेकरू सगळ्यात जास्त बिचकलेलं असतं. तो जातो तेव्हा अर्धा तास त्याचा आवाज ऐकून झालेला असतो, ओळख पडलेली असते, आणि टाटाला एक हात पुरतो. शिवाय टाटा केला की माणूस खरंच जातो, त्यामुळे शब्दाचा अर्थ डोळ्यांसमोर घडतो. रामरामाचं तसं नाही. रामराम केल्यावर माणूस जवळ येतो, आणि भीती तर त्याचीच असते.

सरावाला पावणा लागत नाही. बाप रोज सकाळी वावरात जातो, तीच वेळ धरा. रोज त्याच दारात, तोच शब्द. आई लेकराला कडेवर घेऊन आधी स्वतः हात हलवते, "बाबा, टाटा," म्हणते आणि थांबते. बापानंही पाठ फिरवायची घाई करू नये, दहा मोजेपर्यंत दारात उभं राहावं. काही झालं नाही तरी हसून जावं. आठ-पंधरा दिवसांत बहुधा हात हलतो. हात हलायला लागला की मग संध्याकाळी परतल्यावरचा रामराम सुरू करा, तोही आधी घरच्याच माणसांशी. आपण उकिडवं बसायचं, आपले हात लेकराच्या डोळ्यांच्या उंचीवर जोडायचे, म्हणायचं आणि थांबायचं. घरच्यांशी जमलं की मग शेजारची मावशी, आणि पावणा सगळ्यात शेवटी.

खेळातही हे छान बसतं. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी घरात असेल, तर तो दारातून येतो, "राम राम" म्हणतो, आणि बाहुली उत्तर देते. दोन्हीकडून तुम्हीच बोला. चार-पाच दिवसांनी बाहुलीची पाळी आली की बोलू नका, नुसतं थांबा. ती रिकामी जागा बऱ्याचदा लेकरूच भरतं.

शब्द मात्र एकच धरा. आपल्या गावात राम राम आहे, जय भीम आहे, जय गुरुदेव आहे, सलाम आहे, नमस्कार आहे. तुमच्या घरात जो रोज ऐकू येतो तोच आधी. आजी एक सांगते, काका दुसरा आणि मोबाइलवरून मामा तिसरा, असं झालं की लेकरू गप्प बसतं. एक पक्का झाला की बाकीचे ते कानांनी उचलतं, त्यासाठी वेगळं शिकवावं लागत नाही.

दोन गोष्टी हमखास बिघडवतात. पहिली, लेकराची मनगटं धरून हात जोडून देणं किंवा डोकं दाबून पाया पडायला लावणं. लेकरू हात मागे ओढतं, आणि पावणा आला की आपल्याला धरतात एवढंच त्याच्या लक्षात राहतं. पुढच्या खेपेला चपलांचा आवाज आला की ते आतल्या खोलीत पळतं. असं पळायला लागलं तर धरणं जास्त झालं असं समजा, आणि महिनाभर रामरामाचं नावच काढू नका. दुसरी, त्याच्यासमोर "हे लाजरं आहे" म्हणणं. दोन-अडीच वर्षांच्या लेकराला ते चांगलं कळतं, आणि मग तेच त्याचं पावण्यासमोर उभं न राहण्याचं कारण होऊन बसतं.

अडचण खरी आहे ती मोठ्यांच्या मानाची. पावणा मोठा माणूस असतो, सून त्याला "थांबा" म्हणू शकत नाही. म्हणून हे काम सासूनं किंवा नवऱ्यानं उचलावं. एक वाक्य तयार ठेवा: "मामाजी, बसा तं खरं, तिले जरा पाहू द्या तुमच्याकडं, मंग करते ते." यात पावण्याचा मान राहतो, लेकराला वेळ मिळतो, आणि सुनेवर बोल येत नाही.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. बिचकणारं लेकरू घरच्यांशी हसतं, हात हलवतं, हाक मारली की वळतं. पण वर्ष उलटूनही लेकरू कोणालाच टाटा करत नाही, बोट दाखवत नाही, नावानं हाक मारली तरी वळत नाही, किंवा आधी येत असलेला टाटा, शब्द बंद पडला, तर त्याला लाजरेपण म्हणून सोडू नका. आशाताईला किंवा अंगणवाडीताईला सांगा आणि कान आधी तपासून घ्या, कारण ऐकू येत नसलेलं लेकरूही असंच गप्प असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, पण तोवर वाट पाहायची गरज नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात कधीही जाता येतं.

आता दसऱ्याची संध्याकाळ घ्या. समजा घरात वीस महिन्यांची पोरगी आहे, आणि सोनं द्यायला माणसं येणार आहेत. दुपारी आई तिला एकच सांगते, "संध्याकाळी आबाजी येतीन, आपण सोनं देऊ." आपट्याची पानं एका वाटीत तिच्या हाताला येतील अशी ठेवते. पाया लागायचं कोणी तिला सांगत नाही.

दिवेलागणीला चुलत आजोबा येतात. पोरगी आईच्या कडेवर आहे. आई पुढे होते, एका हातानं पदर सावरून वाकते, आजोबा "राम राम" म्हणतात, आईही म्हणते. पोरगी हे सगळं वरून पाहते. मग आई म्हणते, "आमच्या दोघींचा राम राम." तिच्या वाटचं आईनं बोलून टाकलं, आता तिच्यावर ओझं नाही. आजीनं आधीच सांगून ठेवलं म्हणून आजोबा हात पसरत नाहीत, खाटेवर बाजूला तोंड करून बसतात आणि कापसाचं बोलायला लागतात.

आठ-दहा मिनिटांनी पोरगी खाली उतरते. आई वाटी खाटेच्या कडेला सरकवते. पोरगी एक पान उचलते, धरून ठेवते, आईकडे पाहते. आजोबा हात नुसता मांडीवर उताणा करून ठेवतात, पुढे करत नाहीत. पान त्या हातावर पडतं. आजोबा हळूच म्हणतात, "सोनं भेटलं मले." ती काही बोलत नाही, दुसरं पान आणायला वळते. हातात द्यायला वस्तू असली की माणसाच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही, म्हणून शब्दाआधी पान जमतं.

निघताना आजोबा दारात थांबतात, "येतो बरं," म्हणून हात हलवतात. आई हात हलवते. पोरगी नुसती पाहत राहते. दहा मोजून झाले, आजोबा पायऱ्या उतरून फाटकापर्यंत गेले, आणि तेव्हा कुठे तिचा हात वर येतो, तळवा स्वतःकडे, "टा." आई आवाज देते, "मामाजी, पाहा जरा मागं." आजोबा फाटक धरून वळतात आणि हात हलवतात.