कळसूबाईवरचं वजन आणि स्पर्शिकेचा भरवसा

नमस्कार, श्रोतेहो. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घ्या, पुढे एक छोटासा भागाकार करायचा आहे.

पृथ्वीपासून जसजसं वर जावं तसतशी तिची ओढ कमी होते. किती कमी, याचं सूत्र न्यूटनपासून ठाऊक आहे. जमिनीपासूनची उंची पृथ्वीच्या त्रिज्येच्या पटीत मोजू आणि तिला क्ष म्हणू. त्रिज्या ६३७१ किलोमीटर, म्हणजे तेवढ्या उंचीवर क्ष बरोबर १. जमिनीवरची ओढ १ धरली, तर वरची ओढ होते १ भागिले (१ + क्ष) चा वर्ग. अंशात १, छेदात बहुपदी. याला परिमेय फलन म्हणतात.

क्ष खूप लहान असताना हा भागाकार दर वेळी करायचा कंटाळा येतो. म्हणून वक्राच्या जागी, क्ष शून्य असलेल्या बिंदूपाशी, त्याची स्पर्शिका घेतात. त्या बिंदूवर किंमत १ आणि उतार उणे २, म्हणून स्पर्शिका १ − २क्ष. वक्राचा बाकही जुळवायचा असेल तर एक वर्गपद वाढतं आणि १ − २क्ष + ३क्ष² हा अन्वस्त मिळतो. विकलन करून हे आकडे काढता येतात. पण परिमेय फलनाला मला दुसरी वाट जास्त आवडते, कारण ती उत्तराबरोबर चूकही हातात देते.

आता कागद घ्या. छेद उलगडून लिहा: १ + २क्ष + क्ष². त्याने १ ला भागायचं, पण नेहमीच्या उलट, लहान घातांकाकडून मोठ्याकडे. भागाकाराचं पहिलं पद १, बाकी उरते −२क्ष − क्ष². दुसरं पद −२क्ष, बाकी ३क्ष² + २क्ष³. इथे थांबलात तर हातात स्पर्शिका आहे. तिची चूकही समोरच आहे: उरलेली बाकी भागिले तोच छेद. ही चूक अगदी नेमकी आहे, तिच्यात अंदाज कुठेच नाही. आणखी एक पायरी केली की भागाकारात ३क्ष² येतं आणि बाकी उरते −४क्ष³ − ३क्ष⁴.

या दोन बाक्यांची चिन्हं बघा. वर जाताना पहिली धन आहे, म्हणजे खरी किंमत स्पर्शिकेच्या वर असते. दुसरी ऋण आहे, म्हणजे खरी किंमत अन्वस्ताच्या खाली. खरं उत्तर कायम या दोघांमध्ये सापडतं. शिवाय क्ष धन असताना छेद १ + २क्ष हून मोठा असल्यामुळे स्पर्शिकेची चूक ३क्ष² पेक्षा आणि अन्वस्ताची ४क्ष³ पेक्षा कधीच जास्त होत नाही. उंची निम्मी केली, तर पहिली मर्यादा चौथाईवर येते आणि दुसरी आठव्या हिश्श्यावर. आपलं गणित बरोबर आहे की नाही हे तपासायला ही खूण फार उपयोगी पडते: उंची निम्मी करूनही अन्वस्ताची चूक साधारण चौथाईच झाली, तर वर्गपदाचा गुणक कुठेतरी चुकला आहे.

आता कळसूबाईवर जाऊ. उंची १६४६ मीटर. गुरुत्वाचं सर्वेक्षण करणारे लोक ओढ मिलीगॅलमध्ये मोजतात. पृथ्वीवरची ओढ सुमारे ९,८१,००० मिलीगॅल, आणि चांगलं गुरुत्वमापक यंत्र त्यातला ०.०१ मिलीगॅलचा फरकही दाखवतं. स्पर्शिकेच्या उतारावरून एका मीटरला ०.३०८ मिलीगॅल घट येते. सर्वेक्षणात प्रत्यक्ष ०.३०८६ हा आकडा वापरतात, कारण पृथ्वी किंचित चपटी आहे आणि स्वतःभोवती फिरते. म्हणजे त्यांची रोजची दुरुस्ती ही एक स्पर्शिकाच आहे. डोंगराच्या खडकाची स्वतःची ओढ असते, तिची दुरुस्ती वेगळी करतात. आपण इथे फक्त उंचीपुरतं बोलतो आहोत.

स्पर्शिका सांगते की शिखराच्या उंचीवर सुमारे ५०७ मिलीगॅल घट होईल. वर्गपद त्यातले साधारण ०.२ मिलीगॅल परत देतं. ५०७ पुढे ०.२ म्हणजे नगण्य, असं वाटेल. पण तुलना ५०७ शी करायची नाही, यंत्राच्या ०.०१ शी करायची. त्या मापाने ही चूक वीसपट मोठी आहे. घाटमाथ्यावर खडकाची घनता शोधायला निघालेल्या माणसाला ती खोटा निष्कर्ष देऊ शकते. उलट, कळसूबाईवर आपलं वजन किती ग्रॅमने घटलं एवढंच हवं असेल, तर स्पर्शिका पुरून उरते. साठ किलोच्या माणसाचं वजन स्प्रिंगच्या काट्यावर तीस-एकतीस ग्रॅमने कमी भरेल, आणि वर्गपदाने त्यात शंभरावा भाग ग्रॅमचा फरक पडेल.

मग यंत्राच्या अचूकतेला स्पर्शिका कुठवर पुरते? ३क्ष² ची किंमत ०.०१ मिलीगॅलला भिडते ती सुमारे ३७० मीटरवर. अन्वस्ताची मर्यादा त्याच अचूकतेला साडेआठ किलोमीटरच्या थोडी पुढे पोचते, म्हणजे एव्हरेस्टच्या शिखराच्या जरा अलीकडे. एका पदाने इतका पल्ला वाढतो.

आणखी वर जाऊ. अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर फिरतं, तिथे क्ष ०.०६२८. स्पर्शिका म्हणते ०.८७४, अन्वस्त म्हणतो ०.८८६, खरी किंमत ०.८८५. तिथे ओढ जमिनीच्या ८८ टक्क्यांहून अधिक आहे. अंतराळवीर तरंगतात ते ते आणि स्थानक एकत्र सतत पडत असतात म्हणून, गुरुत्व संपलं म्हणून नव्हे.

इथपर्यंत अन्वस्त सरस ठरला. म्हणून तो कायमच सरस असेल, असं समजू नये. दोन्ही बाक्या समोर आहेत, चिन्ह सोडून त्या सारख्या कधी होतात ते काढा: ३क्ष² + २क्ष − ३ बरोबर शून्य हे वर्गसमीकरण मिळतं आणि क्ष येतो सुमारे ०.७२. त्यापुढे, म्हणजे साधारण ४६०० किलोमीटरच्या वर, अन्वस्त स्पर्शिकेपेक्षा जास्त चुकतो. क्ष १ असताना खरी ओढ पाव. स्पर्शिका उणे १ सांगते आणि अन्वस्त २. दोन्ही निरर्थक, पण अन्वस्त जास्त. पदं वाढवत नेली तरी क्ष १ च्या पुढे सुधारणा होत नाही, कारण क्ष उणे १ असताना छेद शून्य होतो. तो बिंदू पृथ्वीच्या केंद्रात आहे, आपण वर चाललो आहोत, तरी दोन्ही बाजूंना पल्ला तेवढाच राहतो. दूरचित्रवाणीचे भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतात. तिथे खरी ओढ ०.०२३, आणि आपला अन्वस्त ८४ सांगतो.

अशा वेळी पदं वाढवू नका, बिंदू बदला. स्पर्शिका उपग्रहाच्या कक्षेवरच काढा. केंद्रापासूनचं अंतर ४२,१६४ किलोमीटर धरा आणि क्ष त्याच्या पटीत मोजा, सूत्र तेच राहतं. निकामी उपग्रह साधारण ३०० किलोमीटर वर ढकलून ठेवतात. त्या ढकलण्याने ओढ स्पर्शिकेप्रमाणे १.४२ टक्के कमी होते, आणि त्यातली चूक ०.०१५ टक्के भरते.