'फेट अकॉम्प्ली' कोणासमोर?

मित्रहो, फ्रेंचमधून इंग्रजीत आलेले शब्दप्रयोग शेकड्यांनी आहेत. आज मी दोनच घेणार आहे, 'फेट अकॉम्प्ली' आणि 'रेझाँ देत्र'. त्यातही पहिल्यावर जास्त रेंगाळणार आहे, कारण इंग्रजी मजकूर तपासताना चुकीच्या जागी बसलेला तो मला सारखा भेटतो.

त्याचा शब्दशः अर्थ 'पार पडलेली गोष्ट'. फसगत इथेच होते. शब्दकोशात एवढं वाचलं की वाटतं, जे जे पूर्ण झालं त्याला हे म्हणता येईल. पण इंग्रजीत या प्रयोगाला एक बोचरी धार आहे. ज्यांना त्या बाबतीत बोलायचा हक्क होता त्यांना न विचारता कुणीतरी करून मोकळं झालं, आणि आता त्यांच्यापुढे मान तुकवणं किंवा भांडत बसणं एवढंच उरलं, हे त्यात आलंच.

इतिहासातलं एक उदाहरण घेऊ. 1878च्या बर्लिन तहाने बोस्निया-हर्झेगोविना ताब्यात ठेवून तिथला कारभार बघायची मुभा ऑस्ट्रिया-हंगेरीला दिली होती. सार्वभौमत्व मात्र, कागदावर का होईना, ऑटोमन सुलतानाचंच होतं. ऑक्टोबर 1908मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने तो प्रदेश आपल्या राज्याला जोडल्याचं जाहीर करून टाकलं. तहावर सह्या करणाऱ्या सगळ्या सत्तांची रीतसर संमती घेतलेली नव्हती. निषेध झाले, युरोपात महिनोन् महिने तणाव राहिला, आणि शेवटी एप्रिल 1909मध्ये तहातच बदल करून या सत्तांनी झालं ते मान्य केलं. याला इतिहासकार 'फेट अकॉम्प्ली' म्हणतात ते अगदी चपखल आहे. हक्क असलेले लोक आहेत, त्यांना डावललेलं आहे, आणि परत फिरवायची किंमत फार मोठी आहे.

आता माझ्या टेबलावर आलेलं एक वाक्य सांगतो. एका संस्थेच्या अहवालात लिहिलं होतं की दोन विभागांचं विलीनीकरण आता 'फेट अकॉम्प्ली' आहे. मी लिहिणाऱ्याला विचारलं, "सभासदांना विचारलं नव्हतं का?" तो म्हणाला, "विचारलं की. मतदान झालं, मोठ्या बहुमताने ठराव संमत झाला." मग वाचणाऱ्याने काय समजायचं? सभासदांना अंधारात ठेवलं, असंच ना! ज्यांनी नीट विचारून काम केलं त्यांच्यावर त्या दोन शब्दांनी नकळत आरोप केला होता. आम्ही तिथे साधं 'कम्प्लीट' लिहिलं. उलट मतदानाआधीच कुणी दोन्ही विभाग एकत्र करून टाकले असते, तर मी त्या प्रयोगाला हात लावला नसता.

'डन डील' का नाही, असं कुणी विचारेल. 'डन डील'मध्ये बोलणी संपून व्यवहार पक्का झालेला असतो. डावललेला माणूस त्यात असेलच असं नाही. म्हणून या अर्थाला इंग्रजीत तोडीस तोड एकच शब्द मला सापडत नाही. जॉर्ज ऑर्वेलने 1946च्या निबंधात नियम घातला की रोजच्या वापरातला इंग्रजी शब्द सुचत असेल तर परभाषेतला वापरू नका. तो नियम मी मानतो, आणि 'फेट अकॉम्प्ली' त्या नियमातूनही टिकतो. क्रियापदही बघा: इंग्रजीत बहुधा 'प्रेझेंट समवन विथ अ फेट अकॉम्प्ली' असं म्हणतात. म्हणजे तो कुणाच्या तरी पुढ्यात टाकावा लागतो. वाक्यात तो माणूस सापडत नसेल तर प्रयोग तपासून बघावा.

'रेझाँ देत्र'ची कसोटी वेगळी. अर्थ 'अस्तित्वाचं कारण'. म्हणून 'उशिराचं रेझाँ देत्र' चालत नाही. तिथे 'रीझन' हवं. ते कारण काढून घेतलं तर ती गोष्ट उरायचं प्रयोजनच संपतं का, हे विचारावं. नाटो 1949मध्ये मुख्यतः सोव्हिएत धोक्यापुढे उभी राहिली. 1991मध्ये सोव्हिएत संघच विसर्जित झाला, तेव्हा आता नाटोचं 'रेझाँ देत्र' काय, हा प्रश्न लोकांनी विचारला आणि शब्द बरोबर जागी पडला. एखाद्या बैठकीच्या विषयाला मात्र हा शब्द फार जड होतो.

लिहिताना दोन बारकावे. पहिल्याच्या अनेकवचनात दोन्ही शब्दांना 'एस' लागतो. दुसऱ्यातल्या शेवटच्या शब्दात पहिल्या 'ई'वर छपरासारखी खूण असते. जुन्या फ्रेंचमध्ये तिथे 'एस' होता, 'एस्त्र'. तो गळाला आणि खूण राहिली. 'फॉरेस्ट'च्या फ्रेंच रूपात 'फोरे' म्हणताना तेच झालं. इंग्रजीत ही खूण गाळणारे पुष्कळ आहेत. माझ्या हातून जाणाऱ्या मजकुरात मी ती परत घालतो.