रतामाच्या झाडाखाली आधी झोप

जय ख्रिस्त. पाळकांच्या शिबिरात तरुण सेवकांशी जे बोललो, तेच आज रेडिओवरून बोलतो आहे. दीक्षा होऊन तीनचार वर्षं झालेले, एकेका तालुक्याची मंडळी आणि भोवतालच्या खेड्यांतल्या उपासना एकट्यानं सांभाळणारे माझे बंधुभगिनी मला डोळ्यांसमोर दिसतात.

तुम्हाला जानेवारीबद्दल सांगायचं आहे. नोव्हेंबरच्या शेवटी आगमनकाळ सुरू होतो. मग घरोघर कॅरल, रात्री दीड-दीडपर्यंत. नाताळची नाटिका, सकाळची उपासना, आजाऱ्यांच्या घरी प्रभुभोजन, एकतीस तारखेची वॉचनाइट, पहिल्या तारखेची उपासना. हे सगळं चालू असताना कोणी कोसळत नाही. कोसळतो तो दहा-बारा जानेवारीला. सेवेच्या सहाव्या वर्षी मी एका म्हातारीच्या मृत्युशय्येजवळ प्रार्थना करत होतो. शब्द बरोबर येत होते, घरचे रडत होते, आणि माझ्या आत काहीही हललं नाही. ही आई कधी जाईल आणि मी घरी कधी जाईन, एवढंच मनात होतं. त्या रात्री मी घाबरलो. माझा विश्वास गेला, असंच मला वाटलं.

विश्वास गेला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली आजारांच्या यादीच्या नव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या दिली. तो कामातून उद्भवतो. तिनं त्याला आजार म्हटलेलं नाही. त्यात तीन गोष्टी सांगितल्या आहेत: शक्ती संपणं, कामाबद्दल मनात तुटकपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. थकवा आपण ओळखतो. दुसरी गोष्ट मात्र पाळक लपवतो, कारण तिची लाज वाटते. फोन वाजला की माणसाचं नाव बघून कपाळाला आठी पडते. बायबल उघडतो ते फक्त रविवारचा उपदेश काढायला. ही लक्षणं दिसली तर स्वतःला पापी ठरवायच्या आधी गेल्या दोन महिन्यांची डायरी उघडा.

आता एलीयाकडे या. पहिल्या राजांचा अठरावा अध्याय आपण सगळे आवडीनं सांगतो: कर्मेल डोंगर, आकाशातून पडलेला अग्नी, मग पाऊस. त्या दिवशी अहाबाच्या रथापुढे एलीया इज्रेलपर्यंत धावत गेला. आणि पुढच्याच अध्यायात, ईजबेलीचा निरोप आल्यावर, तो पळाला. बैर-शेब्याला आपला चाकर मागे ठेवला, एकटा रानात दिवसभर चालला, रतामाच्या झाडाखाली बसला आणि आता पुरे, माझा जीव घे म्हणाला. पडझड विजयानंतर झाली, आणि एकटं झाल्यावर बळावली.

देवानं काय केलं, तो क्रम नीट बघा. एलीया झोपला. देवदूतानं उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याची सुरई दिली. तो पुन्हा झोपला. दूत पुन्हा आला, ऊठ, खा, मजल लांबची आहे म्हणाला. तोवर एकही प्रश्न नाही, एकही कानउघाडणी नाही. ‘तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न चाळीस दिवसांनी, होरेबच्या गुहेत आला. आपण दमलेल्या पाळकाला नेमकं उलटं सांगतो: आणखी उपास कर, आणखी पहाटे ऊठ. मीही पूर्वी तेच सांगत असे. आज त्याबद्दल मला वाईट वाटतं.

एका तरुण पाळकाबरोबर दोन वर्षांपूर्वी जे केलं, ते सविस्तर सांगतो. मी त्याला दिवसाचे तीन भाग करायला लावले: सकाळ, दुपार, संध्याकाळ. आठवड्याचे एकवीस. दोन आठवडे जे घडेल ते वहीत लिहायचं. त्याचे एकवीसपैकी एकोणीस भाग सेवेत जात होते, आणि सातही संध्याकाळी. नोकरदार माणूस दहा-बारा भाग कामाला देतो. मंडळीची सेवा म्हणून आणखी दोनतीन धरा. आम्ही चौदावर थांबायचं ठरवलं. मग रात्री नऊनंतर आलेले फोन वाचून काढले. दोन आठवड्यांत तेवीस होते. त्यांतले दोनच सकाळपर्यंत थांबण्यासारखे नव्हते. एक मृत्यू आणि एक अपघात. बाकी हॉलची किल्ली, बाप्तिस्म्याचा दाखला, भावाभावांचं भांडण.

त्यानं पास्टोरेट कमिटीपुढे ही वही ठेवली. ठराव झाला की रविवारच्या संध्याकाळच्या उपासनेनंतर मंगळवारी सकाळपर्यंत पाळकांचा फोन सेक्रेटरींकडे राहील. मृत्यू, मरणासन्न माणूस, अपघात, घरात कोणाच्या जिवाला धोका: एवढ्यालाच त्यांना उठवायचं. रविवारी उपासनेत तसं जाहीर झालं.

पहिले दोन महिने अवघड गेले. तो सोमवारी घरीच राहिला, आणि पाळकवाड्याचं दार चर्चच्या आवारातच उघडतं. लोक सहज डोकावत, पाळकीणबाई चहा ठेवत. म्हणून सोमवारी आवाराबाहेर पडायचं ठरलं. मग एका घरानं सोमवारीच उपकारस्तुती ठेवली, मुलगा परगावी जाणार होता म्हणून. तो गेला. पुढच्या महिन्यात आणखी तीन घरांना सोमवारच सोयीचा वाटू लागला. तेव्हा नियम पक्का केला: अंत्यविधी सोमवारी आला तर जायचंच, पण त्याच दिवशी डायरीत बदली दिवस लिहायचा. उपकारस्तुतीला सोमवार नाही. काही घरं रुसली. एका घरानं दोन महिने बोलणं टाकलं. हे होणार, त्याची तयारी ठेवा, आणि नाराज घराची बाजू कमिटीतल्या वडिलांनी ऐकावी, पाळकानं नव्हे. मोशेला इथ्रोनं हेच सांगितलं होतं. तू करतोस ते ठीक नाही, तूही थकशील आणि हे लोकही. लहान कज्जे दहा-दहांवरच्या नायकांकडे गेले.

जानेवारीचंही ठरलं. एक ते दहा तारखेपर्यंत गृहभेट नाही, कमिटीची सभा नाही. शेजारच्या तालुक्याचा पाळक त्या काळातले अंत्यविधी बघतो, आणि उत्तरार्धात हा त्याचे बघतो.

एक गोष्ट नीट सांगायला हवी. विश्रांतीनं सगळं बरं होत नाही. दोन आठवडे खरी विश्रांती मिळूनही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, ज्यात आनंद होता त्यात काहीच वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. डॉक्टरकडे जा. एलीयासारखं मरण मागावंसं वाटलं तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, नंबर 14416, दिवसरात्र, फुकट. पाळकानं हा नंबर लावण्यात काही कमीपणा नाही. आणि चाकराला बैर-शेब्याला सोडू नका. महिन्यातून एकदा तरी, आपल्या मंडळीबाहेरच्या एखाद्या जुन्या पाळकाजवळ जाऊन मन मोकळं करा. मंडळीतली गुपितं नाहीत, स्वतःचं मन.

होरेबवरून एलीया परतला तेव्हा देवानं त्याला अलीशा दिला. तो बारा जोड्यांनी नांगरत होता, बाराव्या जोडीबरोबर स्वतः होता. एलीयानं जाता जाता त्याच्यावर आपला झगा टाकला.

मागच्या महिन्यात एका सोमवारी मी त्या तरुण पाळकाला फोन केला. सेक्रेटरींनी उचलला. म्हणाले, “पाळकसाहेब मुलांना घेऊन नदीवर गेलेत. कोणी वारलंय का?” मी नाही म्हटलं. “मग उद्या सकाळी करा,” ते म्हणाले. मी मंगळवारी केला.