जाहिरात महागली, की रुपया घसरला?

नमस्कार. आजचं उदाहरण कोल्हापुरी चपलांचं. समजा, तुम्ही कोल्हापुरातून थेट अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना चपला विकता. जाहिरातीचं खातं डॉलरमध्ये आहे, विक्रीही डॉलरमध्येच होते. २०१९ साली एक ऑर्डर मिळवायला जाहिरातीचे २० डॉलर लागायचे, २०२४ साली २५ लागले. आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत. डॉलरचा दर आणि महागाई मात्र खरी आहे.

आता तुमचा अकाउंटंट हे रुपयात मांडतो. २०१९ साली डॉलर सरासरी ७०.४ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ऑर्डरमागे १,४०८ रुपये. २०२४ साली तो ८३.७ च्या आसपास, म्हणजे जवळपास २,०९२ रुपये. वाढ ४९ टक्के. हा आकडा बघून बरेच जण जाहिरातीचा हात आखडतात. थांबा, आधी तो सोडवून बघू.

पहिला थर रुपयाचा. त्याच डॉलरला १८.९ टक्के जास्त रुपये मोजावे लागले. यात जाहिरातीच्या बाजाराचा काही संबंध नाही. तो काढला की उरते २० वरून २५ डॉलर, म्हणजे २५ टक्के वाढ.

दुसरा थर डॉलरच्या महागाईचा. अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक २०१९ साली सरासरी २५५.७ होता, २०२४ साली ३१३.७. वाढ २२.७ टक्के. म्हणून २५ ला १.२२७ ने भागायचं: २०.३७ डॉलर. २०१९ च्या डॉलरमध्ये मोजलं तर तुमची जाहिरात जेमतेम दोन टक्क्यांनी महागली.

[स्क्रीनवर]

```
१.१८९ × १.२२७ × १.०१९ ≈ १.४८७
```

हे गुणाकार आहेत, बेरीज नाही. टक्के नुसते मिळवले तर ४३.५ येतात, आणि उरलेले पाच टक्के कुठे गेले ते शोधत बसाल.

इथे एक चूक फार होते. खर्च रुपयात करायचा आणि भागायचं अमेरिकेच्या निर्देशांकाने. तसं केलं की महागाई डॉलरची निघते, पण रुपयाची घसरण तशीच आत राहते. निर्देशांक त्याच चलनाच्या देशाचा हवा. आकडा डॉलरमध्ये असेल तर अमेरिकेचा, रुपयात असेल तर भारताचा. रुपयाचा हिशोबही चुकीचा नाही, त्याचा प्रश्न वेगळा आहे: कोल्हापुरातल्या कारागिरांचे पगार, गाळ्याचं भाडं यांच्या तुलनेत जाहिरात किती जड झाली? अमेरिकेतली जाहिरात महागली का, याचं उत्तर तिथे मिळत नाही.

दुसरी गोष्ट दराची. वर्षाची सरासरी सोयीची असते, पण तुमचा खर्च वर्षभर सारखा होत नाही. अमेरिकेतल्या विक्रीची मोठी जाहिरात नोव्हेंबर-डिसेंबरात जाते. २०२२ बघा. जानेवारीत डॉलर ७५ च्या आतबाहेर होता, डिसेंबरात ८२ च्या वर गेला. निम्मा खर्च शेवटच्या दोन महिन्यांत झाला असेल, तर वर्षाच्या सरासरीने तुमचा रुपयातला खर्च प्रत्यक्षापेक्षा कमी दिसेल. म्हणून महिन्याचा खर्च महिन्याच्या सरासरी दराने बदला आणि मग बेरीज करा. दर घ्यायचा तो एफबीआयएल ही संस्था रोज जाहीर करते तो संदर्भ दर, कार्डाच्या स्टेटमेंटवरचा नको. त्यात बँकेचं परकीय चलनाचं शुल्क मिसळलेलं असतं. तो खर्च खराच आहे, पण त्याची ओळ वेगळी ठेवा. नाहीतर मधेच कार्ड बदललं की जाहिरात स्वस्त झाल्यासारखी वाटेल.

ऑर्डरींचा आकडा स्वतःच्या दुकानाच्या नोंदीतून घ्या, जाहिरात कंपनीच्या रिपोर्टमधून नको. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर ॲपना माग काढण्याआधी परवानगी मागायला लावली, आणि त्यानंतर बऱ्याच ऑर्डरी रिपोर्टमध्ये जाहिरातीच्या नावावर दिसेनाशा झाल्या. ऑर्डर कमी दिसली की दर ऑर्डरचा खर्च फुगतो, आणि तो फुगवटा कुठल्याही निर्देशांकाने निघत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. ‘खरी वाढ फक्त दोन टक्के’ हे ऐकून निर्धास्त होऊ नका. ते उत्तर असं गृहीत धरतं की तुमची चप्पलही महागाईबरोबर महागली. २०१९ साली जोड ६० डॉलरला विकत होतात. तेव्हा जाहिरात विक्रीच्या ३३ टक्के होती. किंमत महागाईइतकी वाढवून साडेत्र्याहत्तर डॉलर केली असेल, तर आज जाहिरात ३४ टक्के आहे, फारसं काही बदललं नाही. पण गिऱ्हाईक तुटेल या भीतीने तुम्ही ६० डॉलरवरच थांबला असाल, तर तीच २५ डॉलरची जाहिरात आता विक्रीच्या जवळपास ४२ टक्के खाते. आणि हे टक्के काढताना रुपया कुठेच येत नाही, कारण वरचाही आकडा डॉलरमध्ये आणि खालचाही. विक्री युरोत आणि जाहिरात डॉलरमध्ये असेल, तर मात्र त्या दोन चलनांमधला दरही या हिशोबात घ्यावा लागेल.