खाचर लेव्हल करायचंय, पण माती किती हलवायची?

रत्नागिरीकडच्या डोंगरउतारावरचं हे भाताचं खाचर, 30 मीटर लांब, 20 रुंद. पावसात वरच्या बाजूला ढेकळं उघडी राहतात आणि खाली रोप बुडतं. जेसीबीवाला सकाळी येऊन नुसतं बघून सांगतो, एवढे तास लागतील, आपण मान डोलावतो. त्यापेक्षा आधी मोजून घेतलेलं बरं.

शेताचे 10 बाय 10 मीटरचे चौकोन पाडले, सहा झाले, आणि प्रत्येकाच्या मधोमध खुंटी मारली. खुंट्या कोपऱ्यांवर मारल्या तर साधी सरासरी चालत नाही, आतल्या खुंटीला चार चौकोन लागतात आणि शेताच्या टोकाच्या खुंटीला एकच, म्हणून मधोमध मारलेली सोपी. डंपी लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण लावायची, स्टाफ, म्हणजे आकडे असलेली उभी पट्टी, बांधावर किंवा ढेकळावर न ठेवता नेहमीच्या जमिनीवर ठेवायचा. रीडिंग जास्त आलं तर जमीन खाली, हे मात्र लक्षात ठेवा, इथेच सगळे उलटं करतात.

बांधावरच्या एका दगडाची लेव्हल 10 मीटर धरली. रीडिंगवरून त्या हिशेबाने जमिनीची लेव्हल काढली, वरच्या तीन खुंट्या 10.44, 10.35, 10.25 आल्या, खालच्या 10.17, 10.05, 9.94. बेरीज 61.20, भागिले सहा, सरासरी 10.20. म्हणजे वरून 24, 15 आणि 5 सेंटीमीटर खणायचं, खाली 3, 15 आणि 26 भरायचं. दोन्हीकडे बेरीज 44 सेंटीमीटर, चौकोन 100 चौरस मीटरचा, म्हणजे 44 घनमीटर, साधारण साडेपंधरा ब्रास.

कागदावर खणणं आणि भरणं बरोबर जुळलं, पण भरलेली माती दबून बसते, त्यामुळे शेवटी कमी पडते. म्हणून लेव्हल 2 सेंटीमीटर खाली, 10.18 धरली. आता खणणं 50 आणि भरणं 38 घनमीटर, खणणं साधारण 1.3 पट. हे प्रमाण मातीवर अवलंबून, भुसभुशीत असेल तर अजून वाढवावं लागतं.

खरी अडचण पहारीने कळते. वरच्या कोपऱ्यात 26 सेंटीमीटर खणायचंय, आणि पहार 15 वरच खणकन वाजली, खाली जांभा! कोकणात सरासरी काढण्याआधी प्रत्येक खुंटीजवळ पहार मारून बघाच, आकडा कातळाला विचारून येत नाही.

मग याच सहा आकड्यांचे दोन भाग केले. वरच्या तीन खुंट्यांची सरासरी साधारण 10.35, खालच्या तिघांची 10.05. वरच्या कोपऱ्यात आता जेमतेम 9 सेंटीमीटर खणायचं, दबण्यासाठी 2 जास्त धरले तरी 11, पहारीच्या आतच. एकूण माती 44 वरून जवळपास 21 घनमीटरवर आली. फक्त मधे 30 सेंटीमीटरची पायरी पडते, तिथे चिऱ्यांचा बांध घालायचा आणि वरचं पाणी खाली सोडायला एक तोंड ठेवायचं. वरची सुपीक माती मात्र आधी खरवडून बाजूला ढीग करायची आणि शेवटी परत पसरायची, जेसीबीवाल्याला हे काम सुरू होण्याआधीच सांगा, नंतर तो ऐकत नाही.